दोनशे आठचा भागाकार

कराडजवळच्या तासवडे एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या टाईम ऑफिसात माझी उमेदीची वर्षं गेली. मस्टर, पंचिंग कार्ड आणि सुपरवायझरच्या सहीच्या ओटी स्लिपा, हाच संसार. पगाराच्या दिवशी खिडकीशी जे वाद व्हायचे त्यांतले बहुतेक ओटीच्या दराचे. ‘ओटीला डबल’ हे सगळ्यांना पाठ असतं. पण डबल कशाचं, हे विचारणारे थोडे. रोजंदारीवाल्याचं सोपं, हजेरीला आठाने भागलं की झालं. मासिक पगारवाल्याचा तासाचा भाव मात्र कुठेच लिहिलेला नसतो, तो काढावा लागतो.

१. भाजक आठवड्याच्या तासांतून निघतो, कॅलेंडरातून नाही.

आठवड्याचे ठरलेले तास घ्या, ५२ ने गुणा, १२ ने भागा. ४८ तासांच्या आठवड्याला वर्षाचे २४९६ तास होतात, म्हणजे महिन्याला २०८. दुसऱ्या वाटेने गेलात, २६ दिवस गुणिले ८ तास, तरी २०८ च येतात. वर्षाचा एक जादा दिवस धरून २०८.५७ काढणारा एखादा किसकाढू भेटतोच, पण व्यवहारात २०८ चालतात. मासिक पगाराचा रोज काढायला २६ ने भागायची रीत ग्रॅच्युइटीच्या हिशेबात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मान्य केली, पुढे ती त्या कायद्यातही आली.

आमच्याकडे एका नव्या अकाउंटंटने ‘त्या महिन्याचे कामाचे दिवस’ धरून भाजक बदलता ठेवला होता. फेब्रुवारीत २४ दिवस म्हणजे १९२ तास, चार रविवारांच्या मार्चात २७ दिवस म्हणजे २१६. पगार १८,७२० असलेल्या माणसाचा डबल दर फेब्रुवारीत १९५ रुपये आणि मार्चात १७३ च्या आसपास. एक टर्नर तात्या खिडकीशी येऊन म्हणाले, “अवो सायेब, मशीन तीच, मानूस त्योच, मग ह्या म्हैन्याला ओटी स्वस्त कशी?” त्यांना द्यायला उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यापासून २०८ कायम झाले.

२. ‘पगार तीस दिवसांचा’ या युक्तिवादाला दुसऱ्या खिशातून उत्तर मिळतं.

मालकाची बाजू अशी असते: मासिक पगारात रविवारही आले, म्हणून भागायचं ३० गुणिले ८, म्हणजे २४० ने. ऐकायला बरोबर वाटतं. पण रविवारी त्या माणसाने आठ तास काम केलेलं नसतं. पगार ज्या तासांच्या कामाबद्दल मिळतो ते तास २०८ च. १८,७२० ला २०८ ने भागलं की तासाला ९० रुपये, डबल १८०. २४० ने भागलं तर ७८, डबल १५६. तासामागे २४ रुपये गेले. महिन्याला ४० तास ओटी करणाऱ्याचे ९६०.

हे पकडायची युक्ती सोपी आहे. त्याच माणसाची बिनपगारी रजा कापलेली पावती शोधायची. रजा कापताना पगाराला २६ ने भागलंय आणि ओटी देताना ३० ने, असं दिसलं की बोलणं संपतं. कापताना मोठं माप आणि देताना छोटं, हे एकाच माणसाच्या बाबतीत कुणालाही समजावता येत नाही. मी अशा दोन पावत्या शेजारी ठेवायचो आणि गप्प बसायचो.

३. जेवणाची सुट्टी भाजकात येत नाही.

आठ ते साडेचार गेटच्या आत, म्हणजे साडेआठ तास, म्हणून २६ गुणिले साडेआठ बरोबर २२१, असंही मी पाहिलंय. मधला अर्धा तास काम नाही. ओटी मोजताना तो धरत नसाल, तर भागतानाही धरायचा नाही.

४. आठवडा ४५ तासांचा असेल तर भाजक १९५.

हे ऑफिस स्टाफच्या बाबतीत फार चुकतं, कारण ‘ओटी म्हणजे २०८’ हे डोक्यात बसलेलं असतं. सोमवार ते शुक्रवार आठ तास आणि शनिवारी पाच, असा ज्याचा करार, त्याचे महिन्याचे तास १९५. पगार २३,४०० असेल तर तासाचा भाव १२० रुपये. २०८ ने भागलं तर ११२ रुपये ५० पैसे, म्हणजे न केलेल्या तीन तासांचं ओझं त्याच्या दरावर.

पण भाव एक आणि डबल कधी लागू होतो हे दुसरं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमातलं कलम ५९ आम्ही भिंतीवर लावलेलं होतं: दिवसाला नऊ तासांवर किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीसवर काम गेलं की साध्या दराच्या दुप्पट. त्यातल्या ‘किंवा’वर बोट ठेवायला मी पोरांना शिकवलं. समजा, त्याच २३,४०० पगाराच्या डिस्पॅचच्या क्लार्कने मंगळवारी ट्रक अडकला म्हणून अकरा तास काम केलं. आठवड्याची बेरीज ४५ अधिक ३, म्हणजे बरोबर ४८, आणि अकाउंटंट म्हणतो ओटीच नाही. पण मंगळवारी नऊच्या पुढचे दोन तास आहेतच. त्यांचे डबलने ४८०. आठच्या पुढचा नववा तास त्या कायद्याच्या डबलमध्ये बसत नव्हता. तो करारात किंवा युनियनच्या समझोत्यात जे ठरलं असेल त्या दराने. आमच्याकडे तो सिंगलने द्यायचे, म्हणून १२०. एकूण सहाशे.

‘क्लार्कला कसली ओटी?’ हे वाक्य मी वरच्या केबिनमधून बऱ्याचदा ऐकलं. मासिक पगार आहे म्हणून हक्क जात नाही. खरोखर देखरेखीच्या किंवा व्यवस्थापनाच्या पदावर असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही पदाच्या नावावरून नव्हे, कामावरून ठरतं.

५. भाजक बरोबर असला तरी वरचा आकडा तपासा.

खरी चोरी बऱ्याचदा वरच्या आकड्यात असते. ते १८,७२० असे होते: मूळ पगार १०,४००, महागाई भत्ता ५,२००, घरभाडे २,०८०, प्रवास १,०४०. फक्त मूळ पगार २०८ ने भागला तर तासाला ५०, डबल १००. खालचा आकडा अगदी कायदेशीर, आणि माणसाच्या हाती १८० ऐवजी १०० रुपये. कलम ५९ मध्ये साधा दर म्हणजे मूळ पगार आणि कामगाराला मिळणारे भत्ते होते. बोनस आणि ओटीची रक्कम तेवढी वगळायची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि इथे मोठा फरक पडला. डबल कायम आहे, पण वेतनाची व्याख्या बदलली. त्यात मूळ पगार, महागाई भत्ता आणि बंद हंगामाचा रिटेन्शन भत्ता येतो. साखर कारखान्यांमुळे हा शब्द आपल्या भागात घराघरात माहीत आहे. घरभाडे आणि प्रवास बाहेर, मात्र वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. आमच्या १८,७२० वाल्याचे वगळलेले भत्ते ३,१२० म्हणजे निम्म्याच्या खूप आत. त्याचं वेतन १५,६००, तासाला ७५, डबल १५०. म्हणजे त्याचा दर जुन्या हिशेबापेक्षा तीस रुपयांनी उतरतो. ज्याचा मूळ पगार मुद्दाम किरकोळ ठेवून बाकी सगळं भत्त्यांत कोंबलंय, त्याला निम्म्याच्या नियमाचा आधार मिळतो. आधी समझोत्याने पूर्ण पगारावर ओटी मिळत असेल, तर युनियनने तो समझोता हुडकून हाताशी ठेवावा.

६. स्लिपवर भाजक छापून घ्या.

‘ओटी तास ४०, रक्कम ६,०००’ एवढंच लिहिलं तर काही कळत नाही. आम्ही शेवटी एक ओळ वाढवली: वेतन, भागिले, तासाचा दर, गुणिले दोन, तास. खिडकीशी गर्दी निम्मी झाली, आणि जे येत ते बोट त्या ओळीवर ठेवूनच येत.