चष्म्याचा हुकूम आणि त्याची कारणे

बांधकामाच्या साइटवर हुकूम काढणे ही फारशी अवघड गोष्ट नाही. कचेरीत कागद टंकून घ्यावा, त्यावर सहीशिक्का करावा, एक प्रत फाटकाजवळच्या फळ्यावर डकवावी आणि दुसरी दप्तरी लावावी, की हुकूम निघाला असे म्हणावयास कोणाची हरकत नसते. परंतु ज्या हुकुमामुळे माणसाच्या नाकावर दिवसभर एक परकी वस्तू बसणार, जिच्याखाली उन्हाळ्यात घाम साचणार आणि पावसाळ्यात जिच्या काचेवर वाफ धरणार, तो हुकूम नुसत्या सहीने पाळला जात नाही, हे या धंद्यात केस पिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. चष्मा वाटला जातो, पण तो डोळ्यांवर न राहता हेल्मेटवर चढतो. साहेब येताना दिसले की खाली उतरतो आणि साहेबांची पाठ फिरली की पुन्हा वर जातो. पुण्यानजीकच्या एका कामाचा कारभार माझ्याकडे आला, तेव्हा डोळ्यांच्या रक्षणाचे परिपत्रक काढताना मी दंडाचा मजकूर शेवटी ठेवला आणि कारणांचा आधी. आणि ती कारणे फोडणारा, गवंडी व बिगारी यांना आपल्या हातच्या कामावरून पडताळून पाहता येतील अशीच निवडली.

त्यामागे एक जुनी हकीकत होती. मी दुय्यम अभियंता म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीस असताना, फळ्या सरकल्यामुळे बीमची एक कड फुगून बाहेर आली होती आणि ती छिन्नी-हातोड्याने उतरविण्याचे काम एका मुरलेल्या फोडणाऱ्याकडे दिले होते. त्याची छिन्नी जुनी होती; वर्षानुवर्षे घाव खाऊन तिचे डोके भूछत्रासारखे पसरले होते आणि त्या पसरलेल्या कडेला बारीक चिरा पडल्या होत्या. एका घावासरशी त्या कडेची तांदळाच्या कणीहून लहान अशी पोलादाची कपची उडाली आणि त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. डास चावावा तेवढेच त्याला जाणवले. सोबत्याने पापणी वर करून पाहिले, काही दिसले नाही. डोळ्यातून थोडे पाणी आले, किंचित लाली आली, आणि तो संध्याकाळपर्यंत काम करीत राहिला. दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यापुढे धुके आल्यासारखे वाटू लागले, तेव्हा त्याने मुकादमास सांगितले. रुग्णालयात क्ष-किरण चित्र घेतले, तर बुबुळ भेदून कपची डोळ्याच्या आत जाऊन बसली होती. शस्त्रक्रियेने ती काढता आली. परंतु वाटेत भिंग फाटले होते आणि मागचा पडदाही दुखावला होता. त्या डोळ्याने पुढे त्याला समोर धरलेली बोटे कशीबशी मोजता येत. ओळंब्याचा दोरा मात्र त्या डोळ्याला पुन्हा दिसला नाही.

या हकीकतीतील सर्वांत घातक गोष्ट कोणती, असे मला विचाराल, तर ती वेदनेचा अभाव ही होय. पापणीखाली धुळीचा कण अडकला तर माणूस कळवळतो, कारण तो कण प्रत्येक उघडझापीबरोबर बुबुळाला घासत राहतो; पण वेगाने आलेली बारीक धारदार कपची बुबुळ भेदून आत जाते, तिने पाडलेले छिद्र कित्येकदा आपसूक मिटते आणि घासणारे असे बाहेर काहीच उरत नाही. शिवाय लोखंड आत राहिले तर ते डोळ्यातल्या द्रवात हळूहळू गंजत जाते आणि तो गंज महिन्या-दोन महिन्यांनी वा त्याहूनही उशिरा पडद्याला निकामी करतो. म्हणून लोखंडावर लोखंड आपटत असता डोळ्याला काही लागल्याची शंका आली, दृष्टी जरा मंद झाली, अथवा बाहुली गोल न दिसता एका अंगास ओढल्यासारखी दिसली, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठला पाहिजे. डोळा चोळू नये, दाबू नये, आत रुतलेली वस्तू उपटू नये; कागदी पेल्याचा तळ डोळ्याला न टेकता वरून झाकण म्हणून बांधावा आणि माणसाला बसवून न्यावे. ओढणीच्या टोकाने किंवा काडीला कापूस गुंडाळून कचरा काढणारे हौशी वैद्य प्रत्येक साइटवर असतात. त्यांचा दवाखाना मी प्रथम बंद केला.

परिपत्रक वाचून दाखविण्यासाठी सकाळच्या हजेरीला सर्व मंडळी जमली, तेव्हा पहिला आक्षेप एका जुन्या फिटरने घेतला आणि तो आक्षेप अगदी रास्त होता. "साहेब, कण आला की डोळा आपोआप मिटतो की. देवानं पापणी कशाला दिली?" त्याच्याच ग्राइंडरवर आम्ही हिशेब मांडला. चार इंची चाकीचा परीघ सुमारे ३१ सेंटिमीटर; ती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते; म्हणजे तिची कड मिनिटाला जवळपास ३,४०० मीटर, अर्थात ताशी २०० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते, आणि तिथून सुटणारी ठिणगी किंवा चाकीचा तुकडा जवळजवळ त्याच वेगाने निघू शकतो. चाकी आणि डोळा यांत हातभराचे, फार तर दीड हाताचे अंतर. ते अंतर ओलांडावयास कणाला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो आणि पापणी मिटावयास सेकंदाचा दहावा भाग लागतो. पापणी मिटते हे खरे, पण तेव्हा कण आत पोहोचलेला असतो. देवाने पापणी वाऱ्यासाठी आणि धुळीसाठी दिली, ग्राइंडर माणसाने नंतर आणला, असे मी म्हणालो, तेव्हा मंडळी हसली. परंतु फिटरने चष्मा लावला तो हसण्यामुळे नव्हे, आकड्यांमुळे, असे माझे मत आहे.

परिपत्रकाचा मुख्य मजकूर पुढीलप्रमाणे होता. "साइटवरील सर्व गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फिटर, वेल्डर व मुकादम मंडळींस कळविण्यात येते की, येत्या सोमवारपासून फोडणे, कापणे, घासणे, भोके पाडणे, खिळे ठोकणे, माल कालवणे व वरच्या छताला गिलावा करणे ही कामे चालू असता, ती करणाऱ्याने तसेच त्याच्या हाताखाली किंवा शेजारी उभे असणाऱ्याने संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे. चष्मा कंपनी देईल. त्याची किंमत कोणाच्याही मजुरीतून कापली जाणार नाही. चष्म्याविना कोणी आढळल्यास काम जागच्या जागी थांबविले जाईल व प्रथम मुकादमास जाब विचारला जाईल." शेजारी उभे असणाऱ्याचा उल्लेख मी मुद्दाम केला होता. सळई कापणारा मान वळवून स्वतःचा चेहरा सांभाळतो. ती धरून ठेवणाऱ्या पोऱ्याला मात्र मान वळवायची सोय नसते.

कायद्याचा दाखला मी एका ओळीत आटोपला. कारखान्यांसाठी १९४८ च्या अधिनियमातील ३५ व्या कलमात उडणाऱ्या कणांपासून आणि प्रखर प्रकाशापासून डोळ्यांचे रक्षण करण्याची तरतूद होती, आणि बांधकामावरील कामगारांसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा होता. मजुराला कलमाचा क्रमांक लागत नाही. तो ठेकेदाराला लागतो, म्हणून त्याच्या प्रतीवर तेवढा तांबड्या शाईने लिहिला.

माल कालवण्याचा समावेश पाहून गवंड्यांना नवल वाटले, कारण सिमेंट ही त्यांच्या दृष्टीने हाताला रखरख करणारी, पण एरवी निरुपद्रवी चीज. वस्तुतः ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, आणि चुना तर त्याच जातीचा. आम्ल डोळ्यात गेले तर ते वरचा थर गोठवून पुष्कळदा स्वतःचीच वाट अडविते. क्षार मात्र ऊतींना विरघळवीत आत शिरत जातो आणि वेळ जाईल तशी इजा वाढते. येथे रुग्णालय आधी नाही, पाणी आधी. पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे, घड्याळ पाहून, डोळा धुवावा. वरची पापणी उलटून तिच्याखाली चिकटलेली रेव पाण्यानेच काढावी, कारण ती तिथे राहिली तर धुतल्यावरही क्षार पाझरत राहतो. आणि मगच गाडी मागवावी. गुलाबपाणी, दूध, तूप यांपैकी काहीही घालू नये. मिक्सरजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ आणि एक स्वच्छ तांब्या ठेवण्याची तजवीज केली. पिंपातले पाणी वापरू नका असेही बजावले, कारण त्याच पिंपात थापी धुतलेली असते.

आता खुद्द चष्म्याविषयी. कणांसाठी बाजूंना आडोसा असलेला, पॉलिकार्बोनेटच्या काचेचा चष्मा चालतो. परंतु शिंतोडे उडणाऱ्या कामाला तो पुरेसा नाही, कारण वरच्या आणि खालच्या फटीतून थेंब सहज आत येतात. छताच्या गिलाव्याला आणि मालाच्या कामाला चेहऱ्याला चिकटून बसणारा, रबरी कडेचा, आडवाटेने हवा खेळणारा गॉगल हवा. वाचण्याचा चष्मा असणाऱ्या चाळिशीच्या पुढच्या गवंड्याला त्यावरून बसेल असा मोठा गॉगल द्यावा, नाहीतर तो दोहोंपैकी जे दिसावयास सोयीचे तेच निवडील, आणि त्यात त्याचा दोष नाही. वेल्डरच्या काळ्या काचेचे प्रकरण निराळे. वेल्डिंगचा झळाळ रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखा टोचतो, तेव्हा मदतनीसालाही तीच काच दिली पाहिजे एवढेच येथे नमूद करतो.

पहिल्या पावसाळ्यात वाफेची तक्रार आली आणि ती खोटी नव्हती. गळ्यातल्या धुळकट पंच्याने काच पुसली की तिच्यावर चरे पडतात, चऱ्यांमुळे अंधुक दिसते, अंधुक दिसले की चष्मा कपाळावर चढतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत साबणाच्या पाण्याने काच धुऊन न पुसता वाळू द्यावी, असा प्रघात पाडला. साबणाचा पातळ थर राहिला की वाफही कमी धरते. स्टोअरकीपरला ताकीद दिली की चरे पडलेला चष्मा घेऊन कोणी आला तर "कसा पडला, कधी पडला" अशी चौकशी न करता जुना घ्यावा, नवा द्यावा आणि रजिस्टरात नावापुढे अंगठा घ्यावा. पहिल्या महिन्यात चष्म्यांचा खप पाहून हिशेबनीसाने कपाळाला आठ्या घातल्या. मी त्याला रजिस्टर उघडून दाखविले: सर्वांत जास्त चष्मे ग्राइंडरवाल्यांनी बदलले होते, आणि बदललेल्या कित्येक काचांवर समोरच, बाहुलीच्या जागी, ठिणग्यांचे काळे डाग भाजून बसले होते.