तिकोन्यावरचा धबधबा

पुण्यातल्या एका छायाचित्रकाराने मार्चअखेर पवना धरणाच्या काठावरून तिकोन्याचा फोटो काढला होता. पाण्यापलीकडे किल्ल्याचा त्रिकोण, डाव्या हाताला निष्पर्ण काटेसावर, समोर वाळलेलं गवत आणि उघडी पडलेली तांबूस काठाची पट्टी. काठावर पर्यटकांना राहायला खोल्या देणाऱ्या एका मालकाला कॅलेंडरसाठी हाच फोटो हवा होता, पण पावसाळ्यातला. चौकट मात्र हलता कामा नये, ही अट. छायाचित्रकाराने संगणकावर स्टेबल डिफ्युजन उघडलं आणि संध्याकाळभरात हिरवागार तिकोना तयार केला.

मालक खूश झाला. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र तो फोटो हातात घेऊन विचारलं, "अवो, एवढ्याशा डोक्यावर एवढं पाणी येणार कुठनं?" किल्ल्याच्या माथ्यालगत एक दणदणीत धबधबा कोसळत होता. शिखराचं टोक गोल झालं होतं, ते नंतर दिसलं.

"माझी चूक आकड्यात होती," असं छायाचित्रकार आता नवख्यांना सांगतो. मूळ फोटो किती मोडून पुन्हा रंगवायचा, हे `Denoising strength` ठरवतं. ते ०.७५ वर होतं. एवढ्यावर किल्ल्याची कड टिकणं केवळ नशिबावर. ०.३ वर आणलं तर कड टिकते, पण गवत वाळलेलंच राहतं, फक्त त्याच्यावर हिरवट छटा चढते. ही ओढाताण एका आकड्याने सुटत नाही. आकार वेगळा धरून ठेवावा लागतो. त्यासाठी कंट्रोलनेट असतं.

तिथेही तो एकदा फसला. त्याने कडा शोधणारी 'कॅनी' पद्धत निवडली. उन्हाळी उन्हात सावल्यांच्या कडाही धारदार असतात, आणि संगणकाला सावलीची कड व कातळाची कड यांतला फरक कळत नाही. आभाळ भरून आलं, सावल्या गेल्या, पण त्यांच्या रेषा उतारावर भेगांसारख्या उमटल्या. असल्या भेगा दिसल्या, की दोष इथेच शोधावा. खोलीचा नकाशा वापरणारी 'डेप्थ' पद्धत सावल्यांना सहसा फसत नाही. तिची उणीव दुसरी आहे: लांबचे डोंगर तिला एकाच अंतरावरचे वाटतात आणि मागची रांग विरघळून जाते.

म्हणून त्याची आताची रीत सावकाश आहे. आधी मूळ फोटोतल्या सावल्या हाताने उजळायच्या आणि ऊन मवाळ करायचं. मग डेप्थ लावून आकडा ०.५ ते ०.६ च्या आसपास ठेवायचा आणि प्रकाशाचं वर्णन आधी लिहायचं:

```
overcast sky, soft shadowless light,
wet dark basalt, green grass on ledges
```

मागची रांग या सगळ्यातून मास्कने वगळायची. ती मूळ फोटोतूनच घ्यायची, फक्त रंग उतरवून तिच्यावर धुक्याचा पातळ थर द्यायचा. सह्याद्रीचा बेसाल्ट थराथरांचा आहे. गवत उगवतं ते दोन थरांमधल्या टप्प्यांवर, उभा कातळ उघडाच राहतो आणि भिजून काळा पडतो. तेव्हा हिरवळ आडव्या पट्ट्यांत दिसायला हवी. सगळा डोंगर गालिचासारखा हिरवा झाला, तर तो मावळातला राहत नाही. शेवटी जुना आणि नवा फोटो एकावर एक ठेवून वरचा थर भराभर चालू-बंद करायचा. कड सरकली असेल, तर ती उडी मारते आणि लगेच नजरेत भरते.

चौकट तीच ठेवायची, तरी काही गोष्टी बदलाव्याच लागतात, आणि खरा विचार इथे लागतो. डोंगर जूनच्या शेवटाला हिरवे होतात, पण धरण भरत यायला बहुधा ऑगस्ट उजाडतो. म्हणजे महिना आधी ठरवायचा. जुलैची सुरुवात धरली, तर काठाची पट्टी ठेवावी, तिच्यावर फक्त कोवळं गवत यावं. ऑगस्ट धरला, तर पाणी वर चढवून पट्टी बुडवावी. काटेसावरीचं कोडं याहून अवघड. मार्चमध्ये तिच्या मोकळ्या फांद्यांतून किल्ल्याचा उतार दिसत होता; पावसाळ्यात तिथे दाट पालवी असते. पालवी दिली की उतार झाकला जातो. त्याने ती दिली आणि उतार जाऊ दिला. निष्पर्ण सावर ऑगस्टमध्ये उभी करण्यापेक्षा ते बरंच.

ऋतूऐवजी वेळ बदलून दिवसाची रात्र करताना अडचण सावल्यांची नसते. चांदण्यातही सावल्या पडतात, म्हणून त्या राहू द्याव्यात. तिथे चंद्र घातक ठरतो. सावल्या उजवीकडे पडत असतील, तर चंद्र डावीकडेच हवा. पौर्णिमेचा चंद्र हव्या त्या कोपऱ्यात चिकटवला, की चित्र खोटं पडतं.

कॅलेंडरात ऑगस्टचा तिकोना छापला गेला, धबधब्याविना. पानाच्या तळाशी छायाचित्रकाराने आग्रहाने एक ओळ घालायला लावली: 'मार्चमधल्या छायाचित्रावरून संगणकावर केलेले पावसाळी चित्र'.