मेल आपला नसतो तेव्हा

माझं नाव आणि आडनाव दोन्ही नेहमीची, त्यामुळे माझ्यासारखाच जीमेल पत्ता असलेल्यांचे मेल माझ्याकडे वरचेवर येतात. मागे एका कर सल्लागाराच्या ऑफिसातून माझ्या नावाच्या दुसऱ्याच गृहस्थांचा फॉर्म 16 आणि आधारची प्रत आली. अशा वेळी मी काय करतो ते सांगतो.

1. मेल आपला नाही हे विषयावरून आणि पहिल्या दोन ओळींवरूनच कळतं. तिथेच थांबावं, जोडलेली फाइल उघडू नये. पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच्या नावाशी जुळत नसेल किंवा एखादी लिंक घाईने उघडायला सांगितली असेल, तर उत्तरच देऊ नये. तो फसवणुकीचा मेल असू शकतो.

2. उत्तर फक्त पाठवणाऱ्याला द्यावं, ‘रिप्लाय ऑल’ करू नये. खाली आपोआप येणारा मूळ मजकूर पुसावा, नाहीतर कुणाचा तरी आधार क्रमांक पुन्हा फिरतो. विषय मात्र तोच ठेवावा, म्हणजे समोरच्याला कोणता मेल ते लगेच कळतं. मी असं लिहिलं:

“नमस्कार. आपला ‘फॉर्म 16’ हा मेल माझ्याकडे आला आहे. नाव सारखं असलं तरी ते गृहस्थ मी नव्हे. जोडलेल्या फाइली मी उघडलेल्या नाहीत आणि मेल पुसून टाकत आहे. कृपया योग्य पत्ता त्यांना फोनवर विचारून घ्यावा आणि माझा पत्ता आपल्या यादीतून काढून टाकावा, ही विनंती.”

यात दोष कुणालाच दिलेला नाही. फाइल उघडली नाही हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण पाठवणाऱ्याचा जीव त्यातच अडकलेला असतो. योग्य पत्ता काय असेल याचा अंदाज मात्र आपण बांधू नये, नाहीतर मेल तिसऱ्याच माणसाकडे जातो.

3. त्या ऑफिसाने आभार मानले आणि थोड्याच दिवसांत दुसरा मेल पुन्हा माझ्याकडेच आला. कारण साधं आहे: एकदा वापरलेला पत्ता मेलचं सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं आणि नावाची दोन अक्षरं टाइप करताच पुढे करतं. म्हणून दुसऱ्या पत्रात तो कुठून पुसायचा तेच लिहिलं. जीमेल असेल तर contacts.google.com वर ‘Other contacts’ मध्ये. आउटलुक असेल तर नाव टाइप करताना येणाऱ्या सूचनेशेजारच्या फुलीवर. त्यानंतर मेल आला नाही.

4. पुसलेला मेल जीमेलच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतो. पुसतो असं लिहून दिलं असेल, तर तिथूनही तो काढावा.

5. ‘no-reply’ पत्त्यावरून आलेल्या मेलला दिलेलं उत्तर सहसा कुणी वाचत नाही. संस्थेच्या वेबसाइटवरचा ग्राहक सेवेचा पत्ता शोधून तारीख आणि विषय तेवढा कळवावा. मूळ मेल पुढे पाठवू नका.