गाडी कुठे पकडायची

चि. सायली,

वाराणसीचं तिकीट तू कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून काढलंस, हे आईकडून कळलं. राहतेस डोंबिवलीला. कल्याण उशाशी असताना सामान घेऊन कुर्ल्याला कशाला जायचं? असो. हिवाळ्यात त्या बाजूच्या गाड्या धुक्यात अडकतात, म्हणून हे लिहितो.

नुसती आपल्या गाडीची स्थिती बघू नकोस. ती अजून सुटायचीच असते, तर उशीर कसा दिसणार? बहुतेक वेळा वाराणसीहून आलेलेच डबे धुऊन-तपासून परत पाठवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी येणाऱ्या जोडगाडीचा नंबर NTES वर टाक. सुटल्याची तारीख नीट निवड. गाडी फार उशिरा असली की एकाच नंबराच्या दोन दिवसांच्या गाड्या वाटेत असतात, आणि भलतीच पाहून माणूस निर्धास्त राहतो.

समज, ती पहाटे 5 ला कुर्ल्याला यायची आणि तुझी दुपारी 12 ला सुटायची. संध्याकाळी 6 ला ती जबलपूरहून 7 तास उशिरा निघालेली दिसली. वाटेत तासभर भरून काढला, तरी 11 वाजणार. पुढे यार्डातले काही तास धर. तुझी गाडी 4 च्या आधी सुटणं कठीण. हा अंदाजच, कधी दुसरे डबे लावतात आणि गाडी वेळेवर निघते. म्हणून सकाळी पुन्हा बघ. वेळ अधिकृतपणे बदलली असेल तर तिथे 'Rescheduled' दिसेल.

कुठून चढायचं ते मात्र त्याच संध्याकाळी ठरव. चार्ट लागल्यावर बोर्डिंग बदलता येईलच असं धरू नकोस, आणि दुपारच्या गाडीचा चार्ट हल्ली आदल्या रात्रीच लागतो. कल्याण केलंस की कुर्ल्याहून चढायचा हक्क गेला, भाड्यातलं काही परत मिळत नाही. न बदलता परस्पर कल्याणला चढशील, तर तोवर टीसीने बर्थ दुसऱ्याला दिलेला असू शकतो.

त्या दिवशी गाडी कुर्ल्याहून सुटल्याचं दिसेपर्यंत घरी थांबू नकोस. स्क्रीनवरची नोंद मागे राहते, आणि तिथून कल्याण जेमतेम पाऊण तासावर. नव्या वेळेला तू घराबाहेर असावंस. उशीर 3 तासांहून जास्त झाला आणि जायचंच नसेल, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भर. पूर्ण पैसे मिळतात.

बोर्डिंग बदललंस की मला कळव.

तुझा,
मामा