शेळीची वार आणि हृदयाची झडप



शेळी विणे हा पाड्यावरच्या घरात आनंदाचा प्रसंग असतो. घरची बाई करडू ओढून घेते, फडक्याने पुसते आणि पडलेली वार उचलून उकिरड्यावर टाकते. या कामातून होऊ शकणाऱ्या एका आजाराची ओळख आपण या पाठात करून घेऊ. त्याचे नाव क्यू ताप.

१९३५ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील कत्तलखान्याचे कामगार तापाने आजारी पडू लागले. डॉ. एडवर्ड डेरिक यांना कारण सापडेना, म्हणून त्यांनी त्याला ‘क्वेरी’, म्हणजे प्रश्नचिन्हाचा ताप म्हटले. पुढे कॉक्सिएला बर्नेटी हा जंतू सापडला, पण नाव तेच राहिले.

हा जंतू शेळ्या, मेंढ्या व गाईगुरांत राहतो. जनावर बहुधा धडधाकट दिसते. कधी कधी मात्र शेळ्या गाभडतात. बाधित जनावराच्या वारेत आणि गर्भजलात जंतूंची प्रचंड संख्या असते. ते वाळले तरी जंतू मरत नाहीत. माती-लेंडीत महिनोन्‌महिने टिकतात, धुळीबरोबर उडतात आणि श्वासातून माणसाच्या छातीत जातात. अगदी थोडे जंतूही पुरतात. २००७ ते २०१० या काळात नेदरलँड्समध्ये शेळ्यांच्या गोठ्यांतून अशीच साथ पसरली आणि चार हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यांतल्या अनेकांनी शेळीला हातही लावला नव्हता. ते गोठ्यांच्या आसपास राहत होते, एवढेच.

आता उदाहरणादाखल एका बाईंचे चित्र डोळ्यांपुढे आणू. वय चाळीस. लहानपणी सांध्यांना सूज आणणारा वाताचा ताप येऊन गेला आणि त्यात हृदयाची एक झडप अधू झाली, पण हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. त्यांची शेळी गाभडते. बाई सगळे आवरतात. दोन-तीन आठवड्यांनी एकदम कडक ताप भरतो. कपाळ फुटेल असे डोके दुखते, अंग ठणकते, घाम येतो, थोडा खोकलाही येतो. घरचे म्हणतात, फ्लू असेल. मलेरियाची तपासणी निर्दोष येते. दहा-बारा दिवसांत ताप आपोआप उतरतो आणि सगळे विसरून जातात.

बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. बाधा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तर काही जाणवतही नाही. पण अधू झडपेवर जंतू ठाण मांडू शकतो. वर्षभराने बाईंना थकवा येतो, अधूनमधून बारीक ताप, रात्री घाम. वजन उतरते, चढणीवर दम लागतो. लक्षणे क्षयासारखी, म्हणून आधी त्याचीच तपासणी होते. मग हृदयाचा संशय येतो आणि जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी रक्त पाठवतात. काहीच वाढत नाही, कारण हा जंतू जिवंत पेशीच्या आतच वाढतो. सोनोग्राफीतही झडपेवरची वाढ पुष्कळदा दिसत नाही, इतकी ती लहान असते. अशा वेळी वाट दाखवतो तो एक साधा प्रश्न: “घरी शेळ्या आहेत का? एखादी गाभडली होती का?”

त्यानंतर रक्तातील प्रतिद्रव्ये मोजतात. ताज्या आजारात ‘दुसऱ्या अवस्थे’विरुद्धची प्रतिद्रव्ये आधी वाढतात; ‘पहिल्या अवस्थे’विरुद्धची खूप वाढून तशीच टिकली, तर जुनाट आजाराचा संशय बळावतो.

ताज्या आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे देतात. झडपेच्या आजारात त्याच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात, कारण जंतू पेशीतल्या आम्लाच्या आश्रयाने राहतो आणि हे औषध ते आम्ल कमी करते. हा उपचार किमान १८ महिने चालतो. त्या काळात उन्हाने कातडी भाजू शकते आणि डोळे तपासत राहावे लागतात. उपचार नाही झाला, तर हा आजार जिवावर बेततो. ही औषधे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावीत. गर्भवतीसाठी उपचार वेगळा असतो.

पाड्यावर गेल्यावर एवढे सांगा. शेळी घराबाहेर, माणसांपासून दूर विऊ द्या. हातमोजे घालून आणि नाक-तोंड झाकून काम करा, मग साबणाने हात धुवा. नुसत्या रुमालाने जंतू पुरते अडत नाहीत, म्हणून गर्भवती आणि हृदयविकाराची माणसे तिथे नकोतच. वार कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी खोल पुरा. जागा झाडण्याआधी पाणी शिंपडा. दूध उकळूनच प्या. रुग्णाला वेगळे बसवू नका. माणसाकडून माणसाला हा ताप क्वचितच होतो.

आणि लहानपणी वाताचा ताप आलेल्या माणसाला शेळी व्याल्यानंतर ताप आला, तर तो उतरला तरी या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगायला लावा. झडप अधू निघाली, तर पुढे काही महिन्यांच्या अंतराने रक्त तपासत राहून हा आजार वेळेत पकडता येतो.

उजळणीसाठी प्रश्न
१. शेळीला हात न लावताही क्यू ताप कसा होऊ शकतो?
२. ताप उतरल्यावरही कोणी पुन्हा तपासून घ्यावे, आणि का?
३. तुमच्या ओळखीच्या घरी वार कुठे टाकतात?