शंभर रुपयांची नजर

गुढीपाडव्याच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, नारायणगावच्या एका कापड दुकानदाराचा निरोप आला. ‘ताई, पॅम्प्लेटवर नजर टाका. उद्या सकाळी छापायला द्यायचंय. शंभरच रुपये जमतील.’ सोबत पॅम्प्लेटचा फोटो.

मी जुन्नरला घरी बसून मुद्रितशोधन करते. फोटोवर मी अकरा दुरुस्त्या सुचवल्या. ‘नविन’चं ‘नवीन’, ‘सुट’चं ‘सूट’, ‘उद्धाटन’चं ‘उद्घाटन’, ‘आमचेकडे’चं ‘आमच्याकडे’. मजकुरातला फोन नंबर बरोबर होता, तोही पाहिला. दुकानदार दादांनी दुरुस्त्या मंचरच्या डीटीपीवाल्याकडे पाठवल्या आणि दीड हजार प्रती छापून पेपरांतून घरोघर गेल्या. पाडव्याला एक गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, ‘तुमचा फोन भलताच कुणीतरी उचलतो.’ नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते.

चूक शिरली ती माझ्या दुरुस्तीच्या वाटेने. आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोडमध्ये, आणि पॅम्प्लेट मात्र बहुतेक ठिकाणी अजून जुन्या फाँटमध्ये लागतं. आपला मजकूर तिथे तसाच चिकटवला तर अक्षरांचा चुराडा होतो, म्हणून ऑपरेटर तो हाताने पुन्हा टाइप करतो. ‘आमचेकडे’ आणि नंबर एकाच ओळीत होते. त्याने अख्खी ओळ नव्याने लिहिली, रात्री, घाईत. शंभर रुपयांत एकदाच बघायचं असं मी ठरवलं होतं, त्यामुळे छपाईआधीची प्रत मी मागितलीच नाही. दादांना दीड हजार पत्रकांचा खर्च पडला आणि सणाचे फोन गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून पैसे कमी असतील तर मी काम कमी करते, पण दोनदा बघते. पहिल्या वेळी नंबर स्वतः लावून बघते. मग तारखेशी वार जुळतो का ते कॅलेंडरवर पाहते. 2025चा पाडवा 30 मार्चला, रविवारी होता. मागच्या वर्षीचं पॅम्प्लेट पुढे ओढलं की वार हमखास चुकतो. त्यानंतर किमती: ‘800चा शर्ट 30 टक्के सुटीत 560ला’ हे गुणून बघायचं. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यांत शेवटी, आणि तेही मोठ्या अक्षरांतल्या शब्दांपुरतं. वाक्यरचनेला हात लावत नाही, कारण एक शब्द बदलला की ओळ नव्याने टाइप होते.

दुसरी नजर फक्त छपाईला जाणाऱ्या पीडीएफवर. फोटोवर नाही, व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जाऊन बारीक आकडे पुसट होतात, ‘१’ आणि ‘९’ ओळखू येत नाहीत. दुरुस्त केलेली ओळ पूर्ण वाचायची, शिवाय तिच्या वरची आणि खालचीही.

आता असा निरोप आला की मी उत्तर देते, ‘दादा, शंभरात नंबर, तारीख, किमती आणि मोठी अक्षरं बघते. बाकी मजकूर तुम्ही घरच्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. दुरुस्तीनंतरची पीडीएफ मला आली की दहा मिनिटांत सांगते, त्याआधी छापायला देऊ नका.’