'बिट्वीन यू अँड आय' का चुकते?

ही चूक अतिदक्षतेतून होते. वाक्यारंभीचा 'मी' खोडून गुरुजी 'आय' लिहावयास लावतात. मग विद्यार्थी सर्वत्र 'आय'च लिहितो. 'बिट्वीन' या शब्दयोगी अव्ययापुढे मात्र कर्मरूप लागते. आम्ही ताळा सुचवितो : दोघांऐवजी एकच सर्वनाम ठेवावे. 'बिट्वीन वी' कोणी म्हणत नाही, 'बिट्वीन अस' म्हणतात. म्हणून 'यू अँड मी'. मराठीतही आपण 'तुझ्यामाझ्यात' म्हणतो. (शेक्सपिअरच्या अँटोनिओने पत्रात 'आय'च लिहिले आहे, परीक्षकास ते सांगू नये!)

या धास्तीने काहीजण 'मायसेल्फ'चा आडोसा घेतात : 'कॉन्टॅक्ट द वॉर्डन ऑर मायसेल्फ'. वॉर्डन वगळून पाहावे; 'कॉन्टॅक्ट मी' हेच उरते. जोर देण्याचा प्रयोग सोडल्यास, कर्त्याची क्रिया त्याच्यावरच घडते तेथे 'मायसेल्फ' शोभते : 'आय हर्ट मायसेल्फ'.